यादीत नसलेली जागा

जीन एडिटिंगमध्ये, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापून जनुक बदलताना, 'एडिट तपासायचं कसं' यावर संयोजकांनी मला बोलायला सांगितलंय, आणि मी तिथे येतोच. पण चुकून काप बसू शकेल अशा, तपासायच्या जागांची यादी येते कुठून, हे आधी बोलू द्या. माझं खरं भांडण तिथंच आहे.

सिकलसेलवरच्या कॅसगेव्ही उपचारातला गाइड घ्या, म्हणजे कापायची जागा दाखवणारा छोटा रेणू. त्याचे वीस बेस, म्हणजे डीएनएच्या भाषेतली अक्षरं, अशी: CTAACAGTTGCTTTTATCAC. बीसीएल11ए जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रथिनाचा आराखडा नसलेल्या भागात, जनुकाचा जोर वाढवणारा एन्हान्सर नावाचा तुकडा आहे; डीएनए कापणाऱ्या कॅस9 प्रथिनाला तो गाइड तिथे नेतो. तिथे काप बसला की लाल पेशी घडताना हे जनुक मंदावतं, आणि त्यानं दाबून ठेवलेलं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं.

आता कॅस9 कापतं कधी? गाइड जुळला पाहिजे, आणि डीएनएवर लगेच पुढे पॅम नावाची तीन अक्षरांची खूण पाहिजे: कुठलाही एक बेस, मग दोन जी. पॅमजवळच्या दहा-बारा बेसमध्ये फरक सहसा चालत नाही, लांबच्या टोकाला दोन-तीन खपून जातात. म्हणून गाइड ठरवताना सॉफ्टवेअर अख्खा जीनोम चाळतं आणि अशा मिळत्याजुळत्या जागा काढून देतं. माझा प्रश्न एवढाच, की जीनोम कोणाचा?

सीपीएस1 जनुकाच्या एका इंट्रॉनमध्ये याच गाइडशी तीन बेसचा फरक असलेली जागा आहे. संदर्भ जीनोममध्ये, म्हणजे तुलनेसाठी सगळे वापरतात त्या नमुन्यात, तिच्यापुढे धड पॅम नाही, त्यामुळे ती निर्धोक वाटते. पण rs114518452 या ठिकाणी काहींच्या जीनोममध्ये एक बेस वेगळा असतो, आणि तेवढ्यानं पॅम पूर्ण होतो. हा बदल मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो, म्हणजे सिकलसेलचे रुग्ण जिथे जास्त तिथेच! 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीवर हा बदल असलेल्या दात्याच्या पेशी एडिट केल्या, तर त्या जागी डीएनएच्या सुमारे 5 टक्के वाचनांत कापाच्या खुणा दिसल्या, आणि तेही फक्त त्याच प्रतीवर. कॅस9 चा जास्त काटेकोर प्रकार वापरल्यावर त्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारमध्ये सिकलसेल आहे. तिथल्या रुग्णांसाठी गाइड तपासायचा तर शोध तिथल्या लोकांच्या जीनोमवर चालवा, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

चिठ्ठी आली, दोनच मिनिटं आहेत. तर तपासणी. यादीतली प्रत्येक जागा पीसीआरनं वाढवून खोलवर वाचायची, शेजारी एडिट न केलेल्या पेशींचा नमुना ठेवायचा. साधारण 0.1 टक्क्याच्या खाली वाचनातल्या चुका आणि खरे काप वेगळे करणं अवघड जातं. गाइड-सीक नावाच्या दुसऱ्या पद्धतीत यादी लागत नाही, पेशीतल्या तुटलेल्या जागी खुणेचा डीएनए शिरतो आणि तो शोधता येतो. मात्र त्या पेशी ज्या दात्याच्या, त्याच्यातच तो बदल नसेल तर सीपीएस1 मधली ही जागा तिथेही दिसणार नाही.

आणि मूळ जागासुद्धा नीट बघा. कापाच्या जागचा मोठा तुकडा गळून, पीसीआर जिथून सुरू होतो ती प्रायमरची जागाच उडाली, तर ती प्रत वाढतच नाही; उरलेल्या प्रतींवरून सगळं ठीक दिसतं. त्यासाठी प्रायमर काही हजार बेस लांब ठेवून लांब तुकडे वाचावे लागतात.