१३५/२०० : अर्धवट झालेली ऑर्डर कशी वाचायची

(एका वाचनालयाच्या रविवारच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझ्या ऑफिसात दुपारी फोन येतात, त्यातले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात. "अहो, माझी ऑर्डर अडकली आहे." मी म्हणतो, आकडा वाचून दाखवा. समोरून उत्तर येतं, "एकशे पस्तीस, मग एक तिरकी रेघ, मग दोनशे." म्हणजे काही अडकलेलं नसतं. दोनशेपैकी एकशे पस्तीस शेअर घेऊन झालेले असतात आणि पासष्ट रांगेत उभे असतात. आज मी या एकाच आकड्याबद्दल बोलणार आहे. शेअर कुठला घ्यावा हे विचारायला आला असाल, तर चहा झाल्यावर पाठच्या दाराने निघा.

(हशा)

एक उदाहरण घेऊ. समजा एका छोट्या कंपनीचा शेअर आहे आणि ॲपवर मोठ्या अक्षरात ३१२ रुपये दिसतंय. हा आकडा शेवटच्या सौद्याचा. तो कुणाचा तरी झालेला सौदा आहे, तुम्हाला कुणी त्या भावाने शेअर देऊ केलेला नाही. तुम्हाला काय मिळेल ते खाली 'मार्केट डेप्थ' उघडल्यावर कळतं. तिथे डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे, दोन्हीकडचे सर्वांत चांगले पाच-पाच भाव आणि प्रत्येक भावाला किती शेअर आहेत ते दिसतं. आपल्या उदाहरणात विकणारे असे उभे आहेत: ३१२ रुपयांना ४० शेअर, ३१२.४५ ला ६०, ३१३.२० ला १५०, ३१४ ला २५ आणि ३१५.५० ला ३००. घेणाऱ्यांचा सर्वांत वरचा भाव ३११.५०.

तुम्हाला २०० शेअर हवे आहेत. तुम्ही लिमिट ऑर्डर टाकता, भाव लिहिता ३१२.५०. याचा अर्थ, "साडेबाराच्या वर एक पैसा देणार नाही, खाली मिळाले तर घेईन." एक्स्चेंजचा संगणक उजवीकडच्या रांगेला हात घालतो. पहिले ४० तुम्हाला ३१२ नेच मिळतात, ३१२.५० ने नाही. पुढचे ६० मिळतात ३१२.४५ ने. त्यापुढचा विकणारा ३१३.२० मागतोय, ते तुमच्या मर्यादेच्या बाहेर. तिथे संगणक थांबतो. शंभर झाले, शंभर राहिले.

आता ॲपवर काय दिसेल? १००/२००, सरासरी भाव ३१२.२७ आणि बाजूला OPEN. काही ॲप PENDING लिहितात, काही वेगळ्या रंगाचा ठिपका दाखवतात. गडबड या शब्दानेच होते. OPEN वाचून माणसाला वाटतं, अजून काहीच झालं नाही. पण शंभर शेअरांचा सौदा पक्का झालाय. तो आता तुम्हाला किंवा विकणाऱ्याला, कुणालाच मागे घेता येणार नाही. OPEN हे फक्त उरलेल्या शंभरांबद्दल आहे.

आणि हे उरलेले शंभर कुठे आहेत? तुमच्या मोबाइलमध्ये नाहीत, ब्रोकरकडेही नाहीत. ते एक्स्चेंजच्या वहीत लिहिले गेलेत. डेप्थ पुन्हा उघडा, डावीकडे सर्वांत वर ३१२.५० ला १०० शेअर दिसतील. ते तुम्ही आहात. नाव दिसत नाही, पण बाजारातला प्रत्येक माणूस ती ओळ बघू शकतो. मला स्वतःला अजूनही ती ओळ बघायला आवडते, इतकी वर्षं झाली तरी.

पाच मिनिटांनी कुणीतरी घाईत ३५ शेअर विकतो. घेणाऱ्यांत सर्वांत वर तुम्हीच आहात, म्हणून ते तुमच्याकडे येतात, ३१२.५० ने. आता आकडा होतो १३५/२०० आणि सरासरी ३१२.३३. उरलेल्या ६५ साठी ३१२.५० च्या हिशोबाने २०,३१२ रुपये ५० पैसे तुमच्या खात्यात अडवून ठेवलेले असतात. "पैसे कापले पण शेअर दिसत नाहीत" अशी जी तक्रार येते, ती बहुतेक याच रकमेची. ऑर्डर रद्द झाली की ती पुन्हा मोकळी होते.

हाच माणूस मार्केट ऑर्डर टाकता तर? भाव लिहायचाच नाही, फक्त २०० लिहायचं. ४० मिळाले ३१२ ला, ६० मिळाले ३१२.४५ ला आणि उरलेले १०० तिसऱ्या ओळीतून ३१३.२० ला. डोळ्याचं पातं लवायच्या आत २००/२०० आणि COMPLETE. सरासरी साधारण ३१२.७४. लिमिटवाल्याला उरलेले सगळे ३१२.५० ला मिळालेच, तर त्याचं बिल ६२,४७७ होतं. मार्केटवाल्याचं ६२,५४७. सत्तर रुपयांचा फरक. सत्तर रुपयांसाठी दिवसभर मोबाइलकडे बघत बसायचं नसेल, तर मार्केट ऑर्डर टाकणारा मूर्ख नाही, हे मी मुद्दाम सांगतो. लिमिट म्हणजे हुशारी आणि मार्केट म्हणजे आळस असं काही लोक शिकवतात, ते मला पटत नाही.

पण दोनशेच्या जागी पाचशे हवे असते तर बघा. तिसरी ओळ संपते, चौथीतले २५ संपतात आणि उरलेले २२५ पाचव्या ओळीतून ३१५.५० ला घ्यावे लागतात. सरासरी जाते ३१४.०९ वर. स्क्रीनवर ३१२ बघून बटण दाबलं होतं, प्रत्येक शेअरमागे दोन रुपयांहून जास्त गेले. कुणी फसवलं नाही. रांग पातळ होती आणि तुम्ही ती एकट्याने खाल्लीत. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये पहिल्या ओळीतच शेकडो-हजारो शेअर असतात, तिथे हा फरक रुपयांत नाही, पैशांत मोजावा लागतो. म्हणून मार्केट टाकू की लिमिट, हा प्रश्न मला विचारण्याआधी डेप्थमधल्या संख्येला विचारा.

(श्रोत्यांतून प्रश्न: चार्टवर भाव ३१२.५० ला आला होता, तरी माझे ६५ का नाही मिळाले?)

चांगला प्रश्न. आपल्या एक्स्चेंजवर आधी भाव बघतात, मग वेळ. जास्त भाव देणारा पुढे, आणि भाव सारखा असेल तर ज्याची ऑर्डर आधी आली तो पुढे. समजा तुमच्या आधी कुणी ३१२.५० लाच ५०० ची ऑर्डर लावलेली असती. मग तिथे दोनशे शेअरांचे सौदे झाले, चार्टवर ३१२.५० उमटलं, तरी ते सगळे त्याच्याकडे गेले असते. भाव तुमच्या आकड्याला शिवला म्हणजे तुमचा नंबर आला असं नाही. दुसरं एक कारण याहून साधं असतं: ऑर्डर टाकलीय एनएसईवर आणि बघताय बीएसईचा भाव. दोन्हीच्या वह्या वेगळ्या आहेत. एकीकडचा विकणारा दुसरीकडच्या घेणाऱ्याला भेटत नाही.

या रांगेमुळेच 'मॉडिफाय'चं बटण जपून वापरायचं. भाव बदललात, किंवा संख्या वाढवलीत, की जुना नंबर गेला, नव्याने रांगेच्या शेवटी. संख्या कमी केलीत तर मात्र जागा राहते. काही जण दर दोन मिनिटांनी पाच पैसे वर, पाच पैसे खाली करत बसतात आणि मग म्हणतात नंबर येत नाही. बाबा, तू उभाच राहत नाहीस!

आता तीन चुका, ज्यांनी खरोखर पैसे गेलेले मी पाहिलेत. पहिली, OPEN बघून ऑर्डर झालीच नाही असं समजायचं आणि पुन्हा २०० ची टाकायची. आमच्या एका ग्राहक काकांनी हे केलं. संध्याकाळी त्यांच्याकडे ३३५ शेअर. एकशे पस्तीस जुने, दोनशे नवे. दुसरी टाकताना पहिली रद्द केली होती एवढं नशीब, नाहीतर चारशे झाले असते.

दुसरी चूक इंट्राडेवाल्यांची, म्हणजे घेतलेलं त्याच दिवशी विकणाऱ्यांची, आणि ही जास्त महागात पडते. २०० घ्यायची ऑर्डर टाकली आणि लगेच २०० विकायचा स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरलेल्या आकड्यापर्यंत पडला की आपोआप विकणारी ऑर्डर, लावून ठेवला. घेतले गेले १३५ च, उरलेले ६५ रद्द केले, पण स्टॉपलॉस २०० चाच राहिला. भाव पडला, स्टॉपलॉस पेटला, २०० विकले गेले. म्हणजे जे ६५ कधी घेतलेच नव्हते तेही विकले. नकळत तुम्ही ६५ शेअरांनी शॉर्ट झालात आणि भाव वर फिरला की तोटा सुरू. स्टॉपलॉसची संख्या नेहमी झालेल्या आकड्याएवढी ठेवायची, मागितलेल्या आकड्याएवढी नाही.

तिसरी रद्द करतानाची. तुम्ही 'कॅन्सल' दाबता, तो निरोप एक्स्चेंजपर्यंत पोहोचायला थोडा वेळ जातो. तेवढ्यात आणखी वीस शेअरांचा सौदा होऊ शकतो. म्हणून कॅन्सल केल्यावर आकडा पुन्हा वाचायचा. १३५ वर रद्द करायला गेलात आणि १५५ वर झाली, असं होतं, आणि ते १५५ तुमचेच.

वाट बघायचीच नसेल पण भावही सोडायचा नसेल, तर ऑर्डर टाकताना 'व्हॅलिडिटी'मध्ये डे ऐवजी आयओसी निवडता येतं. त्या भावापर्यंत त्या क्षणी जेवढे मिळतील तेवढे घ्यायचे, बाकीचे आपोआप रद्द. आपल्या उदाहरणात शंभर मिळाले असते आणि विषय संपला असता. हे घरगुती गुंतवणूकदार फारसं वापरत नाहीत, मला वाटतं वापरायला हवं.

(श्रोत्यांतून प्रश्न: आणि दिवस संपला तर?)

डे ऑर्डर असेल तर साडेतीनला बाजार बंद होतो आणि उरलेले ६५ एक्स्चेंज रद्द करतं. संध्याकाळी ॲप उघडलंत की लाल अक्षरात CANCELLED. तो लाल रंग बघून लोक मला फोन करतात, "ऑर्डर रद्द झाली हो." मी म्हणतो, बाजूचा आकडा वाचा. तिथे अजूनही १३५/२०० असतं. 'ट्रेड बुक' उघडा, तिथे तीन ओळी असतील: ४०, ६० आणि ३५, प्रत्येकाचा भाव आणि वेळ. ते १३५ पुढच्या कामकाजाच्या दिवशी तुमच्या डिमॅटला जमा होतात. ६५ हवेच असतील तर सकाळी नवी ऑर्डर टाकायची, नव्या रांगेत, आणि जिथे ब्रोकरेज ऑर्डरमागे घेतात तिथे ते पुन्हा द्यावं लागतं, याची नोंद ठेवा. एकाच ऑर्डरचे एका दिवसातले तीन तुकडे असले तरी असे ब्रोकर साधारणपणे एकदाच आकारतात.

चहा तयार आहे असं दिसतंय. ज्यांच्या मोबाइलमध्ये आत्ता अशी ऑर्डर असेल त्यांनी घेऊन या, आपण डेप्थ उघडून बघू. आज रविवार आहे, म्हणजे निदान बघता बघता कुणी बटण दाबणार नाही.