‘सुधारणेस वाव आहे’ म्हणजे नक्की काय?

...हाताखालच्या माणसाच्या कामातली उणीव लिहावी कशी, त्याचं व्याकरण काय, हा आजचा विषय. तर आमच्या कचेरीत एक भांडारपाल होते. नाव सांगत नाही, समोरच बसलेले असायचे. (हशा) त्यांच्या कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालात तीन वर्षं एकच शेरा: ‘कामात सुधारणेस वाव आहे.’ लिहिणारा मीच. चौथ्या वर्षी बढती हुकली तेव्हा ते पेढे परत घ्यायला आल्यासारखे माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, “साहेब, वाव आहे म्हणजे स्कोप आहे ना? मी घरी तसंच सांगितलं होतं!” आता यावर काय बोलणार? मला म्हणायचं होतं की साठ्याची नोंदवही जुळत नाही. ते मी तीन वर्षांत एकदाही लिहिलं नव्हतं. सौजन्य म्हणून!

पूर्वी हे खपायचं, कारण अहवाल गोपनीय. पण २००८ साली देवदत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सरकारी नोकराला प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. गंमत बघा, तिथे अडवणारा शेरा ‘चांगला’ हा होता. बढतीला ‘खूप चांगला’ लागत होता. म्हणजे गोड शब्दानंही माणूस मरतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली म्हणे. मूळ विषय व्याकरणाचा होता, तो आता पळतपळत.

‘तुम्ही नेहमी विवरणपत्रं उशिरा पाठवता, निष्काळजी आहात.’ हे वाक्य टोचतं कशानं? ‘तुम्ही’नं नाही. ‘पाठवता’ हा साधा वर्तमानकाळ घटनेची सवय करतो आणि ‘आहात’ सवयीचा स्वभाव करतो. आपण घाबरून काढतो मात्र कर्ता: ‘विवरणपत्रं उशिरा पाठवली गेली.’ कोणी पाठवली? टपाल खात्यानं? ‘तुमच्याकडून राहून गेलं’ हेही जपून वापरा. त्यात ‘चुकून’ हा निकाल आधीच दिलेला असतो आणि तो आपल्याला ठाऊक नसतो.

कर्ता ठेवा, काळ बदला: ‘एप्रिल ते सप्टेंबरच्या सहा विवरणपत्रांपैकी चार तुम्ही ५ तारखेनंतर पाठवली. त्यामुळे लेखा विभागाचा ताळेबंद त्या चारही महिन्यांत अडला.’ मराठीची सोय पाहा: ‘तुम्ही पत्रं पाठवली’ यात क्रियापद पत्रांप्रमाणे चालतं, तुमच्याप्रमाणे नाही. कर्मणी प्रयोग आहे तो. माणूस वाक्यात आहे, पण लिंग-वचन कामाचं. ‘नेहमी’च्या जागी आकडा आला, की समोरचा भांडतो तो आकड्याशी, आणि आकडा चुकला असेल तर तुम्हालाच दुरुस्त करावा लागतो.

पुढची अपेक्षा विध्यर्थात: ‘शाखांकडून ३ तारखेपर्यंत आकडे न आल्यास त्याच दिवशी कळवावे.’ ‘कळवा’पेक्षा सौम्य, ‘कळवल्यास बरे’पेक्षा पक्कं. ‘जरा’, ‘काहीसे’, ‘थोडेफार’ खोडा. पैशाची अफरातफर असेल तर मात्र हे अत्तर शिंपडू नका, ती चौकशीची बाब...

हो, हो, थांबतो. भांडारपालांचं? पाचव्या वर्षी मी लिहिलं: ‘मार्चअखेरच्या मोजणीत ११ वस्तूंचा साठा नोंदवहीशी जुळला नाही.’ ते वाचून म्हणाले, “अकरा नाही साहेब, नऊ.” आणि खरंच नऊ होत्या.