अंतराळवीराच्या रोजनिशीत वजनाचा काटा

(तालुक्याच्या गावी विज्ञान सप्ताहात शिक्षक आणि पालकांसमोर केलेलं भाषण. बोलीचा बाज शक्य तेवढा ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणजे आजवर बहुतेक गणितंच सोडवून घेतली. यंदा अकरावीच्या पोरांना वेगळा गृहपाठ दिला. तुम्ही अंतराळ स्थानकावर सात दिवस राहायला गेलात असं समजा आणि त्यातल्या एका दिवसाची रोजनिशी लिहा. सात दिवस का, तर 3 एप्रिल 1984 ला राकेश शर्मा निघाले आणि 11 एप्रिलला परतले. जेमतेम आठवडाभराचाच तो प्रवास होता. तेव्हा ते सल्यूत-7 या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर राहिले होते. आता पोरं आंतरराष्ट्रीय स्थानकावर जातात, कागदावर का होईना.

वह्या आल्या. कोणी अंतराळात बादलीनं आंघोळ केली, कोणी चहाची वाफ वर जाताना पाहिली. सोळा सूर्योदय तर सगळ्यांनीच पाहिले, कारण ते नेटवर पहिल्याच ओळीत सापडतात. मी थांबलो एका मुलीच्या वहीशी. तिनं लिहिलं होतं, "आज माझं वजन केलं. 62 किलो भरलं."

वर्गात विचारलं, "कसं केलंस?"

मागच्या बाकावरून दुसराच पोरगा बोलला, "सर, तिथं गुरुत्वाकर्षणच नाही, तं काटा काय दाखवनार?"

त्याचं अर्धं बरोबर होतं. काटा काही दाखवणार नाही, हे खरं. पण गुरुत्वाकर्षण तिथं आहे आणि भरपूर आहे. स्थानक आपल्या डोक्यावर साधारण 400 किलोमीटर उंचीवर फिरतं. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण 6371 किलोमीटरवर आहोत, ते 6771 वर. आकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतं. आपल्याकडे त्वरण 9.8 आहे, तर तिथं 8.7 च्या आसपास येतं. म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के ओढ शिल्लकच आहे.

मग काटा शून्य का? आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे. कापूस वेचून झाला की सांजच्याला धुऱ्यावर स्प्रिंगचा काटा टांगतात. बायका गाठोडं अडकवतात, स्प्रिंग ताणते, किलो वाचतात, त्यावर मजुरी. आता कल्पना करा, काटा धरणारा गडी गाठोड्यासकट कोरड्या विहिरीत पडला. (हसू नका, पोरांनी गडी निवडताना माझंच नाव सुचवलं होतं.) पडताना काटाही पडतोय, गाठोडंही त्याच वेगानं पडतंय. गाठोडं काट्याला ओढतच नाही, सुई शून्यावर येते. कापूस मात्र तेवढाच आहे, एक बोंडही कमी झालेलं नाही.

स्थानकही असंच पडत असतं, फक्त जमिनीवर पोचत नाही. दर सेकंदाला ते सुमारे 4.3 मीटर खाली येतं. त्याच सेकंदात ते आडवं 7.66 किलोमीटर पुढं सरकतं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीभोवतीचं त्याच्या उंचीवरचं वर्तुळही वाकून 4.3 मीटर खाली गेलेलं असतं. पाटीवर हे दोन आकडे वेगवेगळ्या वाटांनी काढले आणि एकच निघाले, तेव्हा वर्ग पहिल्यांदा गप्प झाला.

आता त्या मुलीकडे येऊ. वजन होत नाही, पण तिच्यात द्रव्य किती, म्हणजे वस्तुमान किती, हे मोजावंच लागतं. डॉक्टरांना ते हवं असतं. पहिल्या दिवसांत पायांतलं पाणी डोक्याकडे सरकतं, तोंड सुजतं, पाय बारीक होतात, कित्येकांना मळमळतं, जेवण जात नाही. माणूस किती घटला हे डोळ्यांनी कसं ठरवणार?

युक्ती अशी की खाली ओढायचं नाही, हलवायचं. जड वस्तू हलवायला आळशी असते, आणि तो आळस पडत्या घरातही सुटत नाही. 1973 मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर अशी डोलणारी खुर्ची नेली होती. स्थानकाच्या रशियन भागात स्प्रिंगवर वरखाली डोलणारं यंत्र आहे, अंतराळवीर त्याला बिलगून बसतो. सूत्र अकरावीचंच आहे, T = 2π√(m/k). T म्हणजे आवर्तकाळ, एका आंदोलनाला लागणारा वेळ; m म्हणजे डोलणारं वस्तुमान, k म्हणजे स्प्रिंगचा बल स्थिरांक, तिचा ताठपणा.

मुलीला आकडे मी दिले, यंत्राचे खरे नव्हेत, हिशेबापुरते. स्प्रिंगचा बल स्थिरांक 600 न्यूटन प्रति मीटर, बैठक 15 किलोची. ती 62 किलोची असेल तर एकूण 77. एका आंदोलनाला 2.251 सेकंद लागतात. उलट काढताना मात्र तिच्या लक्षात आलं की वेळ शतांश सेकंदानं चुकली तर उत्तर सुमारे 700 ग्रॅमनं चुकतं. हातात घड्याळ धरून हे जमणार नाही, वेळ यंत्रानंच मोजायला हवी. आणि दुसरी गोम म्हणजे अंग सैल सोडून चालत नाही. हात लोंबकळत राहिले की ते खुर्चीबरोबर न डोलता मागं राहतात, पोटातलंही तसंच डुचमळतं. यंत्राला वाटतं तुम्ही आहात त्याहून वेगळेच. म्हणून यंत्राला घट्ट कवटाळून, अंग आवळून राहायचं. लागोपाठच्या दोन मोजण्या जुळल्या नाहीत, तर पहिला संशय माणसावर घ्यायचा, स्प्रिंगवर नाही.

पोरांचा विश्वास बसेना. मग करवतीचं पातं आणलं. टेबलाच्या कडेला शिकंज्यात असं आवळलं की वीस सेंटिमीटर बाहेर राहील आणि ते आडवं, डावीउजवीकडे डोलेल. म्हणजे खालच्या ओढीचा त्यात हात नाही. टोकाला 100 ग्रॅमचं वजन चिकटपट्टीनं बांधलं. वीस आंदोलनांना 10.0 सेकंद लागले. 200 ग्रॅमला 13.4. मग नदीतला एक गोटा बांधला, 12.2 सेकंद. आवर्तकाळाचा वर्ग घेतला की वस्तुमानाशी सरळ रेषा येते, आणि त्या रेषेवर गोटा 161 ग्रॅमचा निघाला. किराणा दुकानाच्या काट्यावर 165 भरला. चार ग्रॅम कुठं गेले यावर वाद झाला. आधी पट्टी सैल होती, वजन पात्याच्या मागून हलत होतं. हाच तो लोंबकळणारा हात.

(सभागृहातून प्रश्न: रेषा शून्यातून गेली का?) नाही, बरं विचारलंत. पातं स्वतःही डोलतं, म्हणून रेषा शून्याच्या वरून निघते. बैठकीचे 15 किलो तेच.

मुलीनं नोंद पुन्हा लिहिली, ती वाचतो:

"दिवस सातवा. सकाळी खुर्चीत बसले, गुडघे पोटाशी, हनुवटी आधारावर, श्वास रोखला. तीनदा मोजलं. 2.233, 2.233, आणि एकदा 2.246, तेव्हा मला खोकला आला होता, ती नोंद सोडली. हिशेब 60.8 किलो. पहिल्या दिवशी 2.251 होता. सव्वा किलोच्या आसपास गेलं. त्यातलं पाणी किती, जेवण किती, ठाऊक नाही. पायमोजे ढिले झालेत. वरच्या खिडकीतून भारत दिसला, पण आपलं शेत कुठंय ते कळायच्या आत मागं पडलं."

खाली पेन्सिलीनं लिहिलंय: "सर, खोकल्याची नोंद खोडू का ठेवू?"

मी समासात लिहिलं, ठेव.