सातशे बायलाइनमधून सात: पत्रकाराचा रेझ्युमे कसा लिहावा

समजा, एका बातमीदाराने सहा वर्षं आरोग्याचं बीट सांभाळलंय. बायलाइन सातशेच्या घरात, त्यातली शेवटची दोन वर्षं डेस्कवर. आता अर्ज करायचाय तो एका डिजिटल माध्यमातल्या आरोग्य विभागाच्या उपसंपादकपदासाठी. रेझ्युमेत पहिली ओळ अशी: ‘आरोग्यविषयक विविध विषयांवर विपुल लेखन.’ ही ओळ खोटी नाही, पण वाचणाऱ्या संपादकाला तिच्यात तपासण्यासारखं काहीच सापडत नाही. तो दिवसभर इतरांच्या कॉपीतली अशीच वाक्यं खोडत असतो. रेझ्युमेतलंही मनातल्या मनात खोडतो आणि पुढे जातो.

म्हणून सुरुवात निवडीपासून करू. सहा ते आठ लेख पुरतात. आपल्या उदाहरणात सात घेऊ. सातशेतून सात निवडताना बहुतेक जण सर्वात गाजलेले लेख उचलतात आणि तिथेच फसतात. ज्या पदासाठी अर्ज आहे, त्या पदावर रोज जे काम करावं लागेल त्याचा नमुना निवडीत दिसला पाहिजे. म्हणजे एक मोठी शोधबातमी, एक संशोधन सोप्या भाषेत समजावून सांगणारा लेख, एक आकडेवारीवर उभा असलेला वृत्तांत, घटना घडल्यावर तीन तासांत लिहिलेली एक बातमी, एक मुलाखत, आणि दोन लेख असे जे स्वतः लिहिलेले नाहीत पण संपादित केलेले आहेत. हे शेवटचे दोन ठेवायला लोक कचरतात. डेस्कच्या जागेसाठी तेच सर्वात आधी वाचले जातात. निदान तीन लेख गेल्या दीड-दोन वर्षांतले हवेत, नाहीतर ‘हल्ली लिहिणं थांबलंय का’ हा प्रश्न मुलाखतीच्या आधीच उभा राहतो.

आता एक नोंद जवळून पाहू. मथळा, कुठे प्रसिद्ध झालं, महिना आणि वर्ष हे सगळे देतात. खरी किंमत त्याखालच्या एका ओळीला असते. ती अशी: ‘बंद डायलिसिस यंत्रांवरील तीन भागांची मालिका. अकरा रुग्णालयांच्या खरेदीच्या आणि दुरुस्तीच्या नोंदी जुळवून लिहिली. सहलेखक एक, नोंदींची छाननी आणि पहिले दोन भाग माझे.’ जोड-बायलाइन असेल तर आपला वाटा लिहायलाच हवा. न लिहिता सगळं श्रेय घेतलं आणि समोरचा संपादक त्या सहलेखकाला ओळखत असला, तर गोष्ट तिथेच संपते. परिणामही याच ओळीत येतो, पण जपून. ‘मालिकेमुळे चार ठिकाणी यंत्रं सुरू झाली’ असं लिहिलं तर त्या ‘मुळे’चा पुरावा मागितला जाईल. ‘मालिकेनंतर दोन महिन्यांत चार ठिकाणी यंत्रं सुरू’ असं लिहून पाठपुराव्याच्या बातमीचा दुवा दिला, तर तेवढं सिद्ध करता येतं. बातमीत आपण हा फरक पाळतो, तो इथेही पाळावा.

विशेष क्षेत्रांचा रकाना मोठा असू नये. आरोग्य, शिक्षण, राजकारण, क्रीडा, मनोरंजन, तंत्रज्ञान अशी माळ लावली की त्यातलं एकही क्षेत्र विशेष उरत नाही. निवडलेल्या सातपैकी चार-पाच लेख ज्या विषयाचे असतील, तेच आपलं क्षेत्र. आणि ‘आरोग्य’ एवढंच न लिहिता ‘सार्वजनिक रुग्णालयांचा खर्च, औषधखरेदी’ इतकं नेमकं लिहावं.

वाचकसंख्येच्या बाबतीत मात्र थोडं थांबायला हवं, कारण सर्वाधिक चुका इथे होतात. छापील वर्तमानपत्राचा खप हा त्या वर्तमानपत्राचा असतो; त्यातल्या आतल्या पानावरच्या आपल्या लेखाचा नव्हे. ‘लाखो वाचकांपर्यंत पोहोचलेलं लेखन’ ही ओळ बहुधा याच गोंधळातून येते. डिजिटलमध्ये पेजव्ह्यू आणि युजर हे दोन वेगळे आकडे. एकाच माणसाने पान तीनदा उघडलं तर पेजव्ह्यू तीन होतात. युजरचा आकडाही माणसांचा नेमका नसतो. तोच वाचक फोनवर आणि कॉम्प्युटरवर दिसला तर साधारणपणे दोनदा मोजला जातो. म्हणून आकडा लिहिताना त्याचा प्रकार, कालावधी आणि उगम लिहावा: ‘पहिल्या ३० दिवसांत ६२ हजार पेजव्ह्यू, संस्थेच्या ॲनालिटिक्सनुसार.’ संस्थेचे आकडे बाहेर सांगायला मनाई असेल, तर परवानगी मागावी. निदान ‘विभागाच्या सरासरीच्या तिप्पट’ असं प्रमाण सांगता येईल का, तेही विचारून घ्यावं.

न्यूजलेटर लिहिणाऱ्यांनी ‘ओपन रेट’वर भिस्त ठेवू नये. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमधल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न उघडलेली मेलही उघडलेली म्हणून मोजली जाऊ शकते. दुव्यांवरच्या क्लिकचा आकडा जास्त भरवशाचा.

आणि हे आकडे वेळच्या वेळी उतरवून ठेवा. गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्समध्ये १ जुलै २०२३ पासून नवी नोंद थांबली आणि पुढच्या वर्षी जुनी माहितीही बंद झाली. ज्यांनी ती आधी काढून ठेवली नव्हती, त्यांच्या हातात जुन्या लेखांचा पुरावा राहिला नाही. शिवाय नोकरी सोडल्याच्या दिवशी लॉगिनही जातं.

संपादनाचा अनुभव दाखवणं अवघड, कारण चांगल्या संपादनाचा मागमूस उरत नाही. ‘संपादनाचा दोन वर्षांचा अनुभव’ यातून शुद्धलेखन तपासलं, कॉपी नव्याने बांधली की लेख ठरवून लिहून घेतले, हे कळत नाही. आपल्या उदाहरणात ओळ अशी होईल: ‘एका पाळीत आठ ते दहा कॉपी, चार बातमीदारांच्या मजकुराची तथ्यतपासणी, पुनर्लेखन आणि मथळे, आठवड्याला एक दीर्घ लेख विषय ठरवण्यापासून प्रसिद्धीपर्यंत.’ सोबत एक छोटा नमुना जोडावा. मूळ वाक्य: ‘संसर्गाचं प्रमाण ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलं, म्हणजे ५ टक्के वाढ झाली.’ दुरुस्त वाक्य: ‘संसर्गाचं प्रमाण ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेलं, म्हणजे दुप्पट झालं.’ एवढ्या एका दुरुस्तीतून संपादकाला कळतं की या माणसाची नजर आकड्यांवर आहे. मूळ कॉपी दुसऱ्याची असते, तेव्हा त्या बातमीदाराची आणि संस्थेची परवानगी घेऊन, नाव काढूनच नमुना द्यावा. दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेल्या मजकुराचंही तसंच. करारात गुप्ततेची अट असेल तर शीर्षक न देता फक्त प्रकार आणि संख्या लिहावी.

राहिले दुवे. संकेतस्थळाची रचना बदलली की जुने पत्ते मरतात. म्हणून निवडलेलं प्रत्येक पान web.archive.org वर जतन करावं, शिवाय तारीख दिसेल अशी पीडीएफ स्वतःजवळ ठेवावी. छापील कात्रण असेल तर पानाचा क्रमांक आणि दिनांक त्यात यायला हवा. मराठीत आणखी एक अडचण आहे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफमधून मजकूर शोधता येत नाही. एक परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहा. अगम्य अक्षरं आली तर तो लेख युनिकोडमध्ये टंकून जोडावा. शेवटी, पाठवण्याच्या दिवशी रेझ्युमेची पीडीएफ फोनवर उघडून, ब्राउझरच्या खासगी खिडकीत सातही दुवे एकेक करून तपासावेत. लॉगिन असलेल्या आपल्या ब्राउझरमध्ये जो लेख बिनबोभाट उघडतो, तो बाहेरच्या माणसाला कधीकधी फक्त वर्गणीची पाटी दाखवतो. अशा लेखाच्या दुव्याशेजारी ‘पीडीएफ सोबत’ असं लिहून प्रत जोडून द्यावी.