नाक मोकळं, पण वास नाही

श्रोतेहो, नमस्कार.

हे भाषण ऐकता ऐकता जमलं तर स्वयंपाकघरातून चिमूटभर बडीशेप घेऊन या. एका हाताने नाकपुड्या घट्ट दाबून धरा आणि बडीशेप तोंडात टाकून चावा. किंचित गोड लागेल, दाताखाली काड्या आल्यासारखं वाटेल, पण आपण बडीशेप खातोय हे काही कळणार नाही. आता नाक सोडा. सोडल्या सोडल्या तोंडभर बडीशेप दरवळेल. जीभ तीच, दाणे तेच, फरक फक्त नाकाचा.

आपल्या जिभेला पाचच गोष्टी कळतात. गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी ती मांसाच्या रश्श्यात किंवा पिकलेल्या टोमॅटोत असते ती रसरशीत चव. हिंग, जिरं, कोथिंबीर, हापूस, गोडा मसाला यांतलं काहीही जिभेला ओळखता येत नाही. घास चावला की त्याचा वास घशाच्या मागच्या बाजूने वर नाकात चढतो, आणि जे कळतं ते तिथे कळतं. म्हणून सर्दीनंतर ‘डॉक्टर, तोंडाची चव गेली’ असं सांगत कोणी आलं की मी आधी विचारतो: साखर गोड लागते का? मीठ खारट लागतं का? लिंबू आंबट, कारलं कडू? बहुतेकांचं उत्तर ‘हो, ते कळतं’ असंच असतं. म्हणजे जीभ शाबूत आहे, बिघाड नाकात आहे.

बिघाडही दोन तऱ्हांचा असतो आणि तो वेगवेगळा ओळखणं फार महत्त्वाचं. नाकाच्या पोकळीत अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, वास घेणारी त्वचा असते. जागा तशी चिंचोळी, दोन्ही बाजू मिळून टपाल तिकिटाएवढी. सर्दीत आतलं अस्तर सुजतं, शेंबूड साचतो आणि हवा तिथवर पोचतच नाही. हा झाला पहिला प्रकार, वाट बंद होण्याचा. याची खूण अशी की वास येतो-जातो. गरम पाण्याने अंघोळ केली, नाक क्षणभर मोकळं झालं की चहाचा वास येतो, पुन्हा चोंदलं की जातो. सर्दी उतरली की आठवड्या-दोन आठवड्यांत हे आपोआप सुधारतं. त्यासाठी वेगळं औषध लागत नाही. नाक मोकळं करणारे थेंब मात्र सलग पाच-सात दिवसांपेक्षा जास्त टाकू नका, कारण पुढे त्या थेंबांमुळेच नाक चोंदायला लागतं.

दुसरा प्रकार सोसायला जास्त कठीण. सर्दी गेलेली असते, नाक मोकळं असतं, श्वास छान चालतो, आणि तरीही वास नाही. इथे विषाणूने त्या वास घेणाऱ्या त्वचेलाच इजा केलेली असते. साध्या पडशाचे विषाणू हे करतात, फ्लूचे करतात, आणि कोविडने तर हे घराघरात पोचवलं. जून २०२० मध्ये आपल्या आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणं हे कोविडच्या लक्षणांत अधिकृतपणे घातलं. त्यावर झालेल्या संशोधनातून एक गोष्ट उलगडली. कोविडचा विषाणू मुख्यतः वासाच्या मज्जापेशींवर नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या शेजारच्या पेशींवर हल्ला करतो. आधार गेला की मज्जापेशी तगून असल्या तरी काम करेनाशा होतात. बरेच जण दोन-तीन आठवड्यांत बरे झाले ते यामुळे. आधाराच्या पेशी लवकर भरून येतात. पण इजा खोलवर गेली आणि मज्जापेशीही मेल्या, तर त्या पुन्हा उगवाव्या लागतात. चांगली गोष्ट ही की शरीरातल्या फार थोड्या मज्जापेशी जन्मभर नव्याने तयार होत राहतात, आणि त्यांत या आहेत. मात्र उगवलेल्या पेशीचा धागा कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर मेंदूपर्यंत जाऊन योग्य जागी जुळावा लागतो. त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात.

एक उदाहरण सांगतो. पन्नाशीतल्या एक बाई, खानावळ चालवतात. पावसाळ्यात सर्दी झाली, आठवड्यात बरी झाली. मग जेवायला येणारे कुरकुरायला लागले: भाजी खारट, आमटी तिखटजाळ. बाईंना स्वतःला सगळं मिळमिळीत लागत होतं, म्हणून त्या मीठ आणि तिखट वाढवत चालल्या होत्या. एके दिवशी मागच्या शेगडीवर डाळ करपून धूर निघाला, तेव्हा त्यांना तो डोळ्यांना दिसला. नाकाला काहीच कळलं नव्हतं.

तपासणीत दुर्बिणीतून पाहिलं तर नाक स्वच्छ, सूज नाही, मस्सा नाही. त्या म्हणाल्या, ‘वास पूर्ण गेलेला नाही हो, मिरचीची फोडणी घातली की ठसका लागतो, निलगिरीचं तेल हुंगलं की कळतं.’ इथे पुष्कळ लोक फसतात. ठसका, निलगिरीचा गारवा, कापराची झणझण, कांद्याने डोळ्यांत येणारं पाणी हे सगळं वासाच्या मज्जेचं काम नाही. चेहऱ्याला स्पर्श आणि वेदना कळवणारी एक वेगळी मज्जा आहे, ती हे टोचणं टिपते, आणि सर्दीत ती बहुधा सुखरूप राहते. म्हणून घरच्या घरी पारख करायची तर कॉफीची पूड किंवा गुलाबपाणी घ्या. त्यांत टोचणारं काही नसतं.

त्यांना मी औषधाऐवजी सराव दिला. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या टोमास हुमेल यांनी २००९ मध्ये ही पद्धत तपासून मांडली. चार वास: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी. दिवसातून दोनदा, सकाळी न्याहारीआधी आणि रात्री झोपण्याआधी, असं निदान बारा आठवडे. सराव करणाऱ्यांत सुधारणा जास्त दिसली, न करणाऱ्यांत कमी. बाईंनी चार लहान बाटल्यांत कापसाचे बोळे ठेवले आणि प्रत्येकावर त्या त्या तेलाचे दोन-चार थेंब टाकले. एकेक बाटली नाकाजवळ धरायची, दहा-पंधरा सेकंद अलगद, छोटे छोटे श्वास घेत हुंगायची, थोडं थांबून पुढची. जोरात ओढायचं नाही. आणि हुंगताना तो वास आठवायचा: लवंग म्हणजे मसालेभातातली, लिंबू म्हणजे नुकतं चिरलेलं. काहीही आलं नाही तरी आठवायचं. कंटाळवाणं काम आहे, आणि पहिला महिनाभर हाती काही लागत नाही म्हणून बरेच जण नेमकं तेव्हाच सोडून देतात.

बाईंनी सोडलं नाही. दीड महिन्याने म्हणाल्या, लवंगेच्या बाटलीत ‘काहीतरी आहे’. काय ते ओळखता येत नव्हतं, पण रिकामी बाटली आणि ही बाटली यांतला फरक कळायला लागला होता. आणि तिसऱ्या महिन्यात त्या घाबरून आल्या. कांदा परतायला घेतला की सडल्यासारखा, रबर जळल्यासारखा वास येतो, कॉफी तर सांडपाण्यासारखी. लसणाची फोडणी झाली की पोटात ढवळतं. त्यांना वाटलं, आजार उलटला.

तसं नव्हतं. आपल्या नाकातल्या मज्जापेशींवर वास टिपणारे साधारण चारशे प्रकारचे ग्राहक असतात आणि एका मज्जापेशीवर एकाच प्रकारचा. भाजलेल्या कांद्याच्या वासात शेकडो द्रव्यं असतात, ती एकाच वेळी पुष्कळ ग्राहकांना छेडतात आणि त्या सगळ्यांचा मिळून मेंदूत ‘कांदा’ उमटतो. पेशी अर्ध्याच उगवलेल्या असल्या की तबला लागलाय, तंबोरा नाही, पेटीचे काही स्वर मुके, अशी मैफल होते. कॉफी, भाजलेलं मांस, कांदा-लसूण यांत गंधकयुक्त द्रव्यं असतात. ती इतकी तीव्र असतात की अगदी थोडीशीही नाकाला कळतात, म्हणून बाकीच्यांच्या आधी तीच एकटी जाणवतात आणि घाण वाटतात. हा विपरीत वास सर्दीनंतर बहुधा दोन-तीन महिन्यांनी सुरू होतो. पेशी पुन्हा जुळू लागल्याची ती खूण मानतात. सराव चालूच ठेवायचा. त्या काळात बाईंनी जेवण बदललं: दहीभात, थंड केलेलं अन्न, कांदा-लसणाशिवाय भाज्या, फळं. गरम अन्नातून वाफेबरोबर वास जास्त उठतो, थंडातून कमी, एवढं साधं गणित. खानावळीच्या भाजीत मीठ मापाच्या चमच्याने घालायचं आणि चव मुलीने बघायची, असंही ठरलं.

वर्ष सरता सरता कांदा पुन्हा कांद्यासारखा झाला. गोडा मसाला खरपूस भाजला गेलाय की जरा जास्तच, हा सूक्ष्म फरक मात्र त्यांना पूर्वीसारखा कळत नाही. काहींचं पूर्ण बरं होतं, काहींचं असं थोडं उरतं, आणि सुधारणा दोन-तीन वर्षंही चालू राहू शकते.

लोक मला झिंकच्या गोळ्यांबद्दल विचारतात. त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही. आणि झिंक नाकात घालू तर नकाच. नाकात घालायच्या झिंकमुळे उलट वास कायमचा गेल्याच्या तक्रारी आल्या आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये तशा उत्पादनांविरुद्ध इशारा दिला. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. मधुमेह असेल तर साखर भलतीच वर जाते, आणि या आजारात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

वास नाही तोवर घरात काही बंदोबस्त करावा लागतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात गंधकयुक्त, कुजकट वासाचं द्रव्य मिसळतात, आणि नेमकं तेच तुम्हाला कळणार नाही. रात्री रेग्युलेटर बंद करा, नळीच्या जोडांवर अधूनमधून साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. घरात एकटे राहत असाल तर गळती ओळखणारं यंत्र बसवा. गळतीचा संशय आला तर दिव्याचं बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ या क्रमांकावर फोन करा. दूध, शिजवलेलं अन्न यांच्या डब्यावर तारीख लिहा किंवा शेजारणीच्या नाकाची मदत घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही.

सर्दी जाऊन दोन-तीन आठवडे झाले आणि वास आला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. एकाच नाकपुडीतून रक्त किंवा पाण्यासारखं पातळ पाणी येत असेल, एकच बाजू कायम चोंदलेली असेल, डोक्याला मार लागल्यानंतर वास गेला असेल, तर एवढीही वाट पाहू नका. आणि सर्दी वगैरे काहीच न होता वास हळूहळू कमी होत गेला असेल, तेव्हाही तपासून घ्या, कारण त्यामागे नाकातला मस्सा असू शकतो आणि म्हातारपणी मेंदूचे काही आजारही. नमस्कार.