दारातली तीन मिनिटं

(नागपुरात प्राथमिक शिक्षकांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. मी पहिली-दुसरीला शिकवते. आज बोलायचं आहे ते परिपाठ संपल्यापासून पहिला तास सुरू होईपर्यंतच्या वेळाबद्दल.

आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली की मुलं रांगेनं वर्गात येतात. आपण आत शिरलो की सगळी उभी राहतात आणि सुरात म्हणतात, “एक साथ नमस्ते!” आपण “बसा” म्हणतो आणि हजेरीपट उघडतो. मी हे पुष्कळ वर्षं केलं. एक दिवस हजेरी घेताना एक मुलगा “हजर” म्हणाला आणि तिथेच ओकला. अंगात चांगला ताप होता. परिपाठाला तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता, नमस्तेही म्हणाला होता, आणि मला काहीच कळलं नव्हतं. एकतीस गळ्यांच्या त्या सुरात एकही मूल वेगळं ऐकू येत नाही. त्या दिवसापासून मी मुलांच्या मागून वर्गात शिरणं सोडलं आणि ती आत येताना दारात उभी राहू लागले.

दारात म्हणजे नेमकं उंबऱ्यावर, आडवी. एक खांदा वर्गात, एक व्हरांड्यात. कारण आत गेलेली मुलंही दिसली पाहिजेत. सुरुवातीला मी रांगेकडे तोंड करून उभी राहायची, तर पाठीमागे दप्तरांची फेकाफेकी चालायची. आडवं उभं राहिलं की मान थोडी वळवली तरी दोन्हीकडचं दिसतं.

माझ्या डाव्या हाताला दाराच्या चौकटीवर एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर पाच चित्रं आहेत: जोडलेले हात, हलवलेला हात, टाळी, मुठीला मूठ आणि नुसतं हसरं तोंड. मूल ज्या चित्रावर बोट ठेवेल तशी आमची भेट होते. तो पुठ्ठा जमिनीपासून साडेतीन फुटांवर आहे. पहिल्यांदा मी तो माझ्या डोळ्यांच्या उंचीवर लावला होता; मुलं चित्राकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघून अंदाजानं हात पुढे करायची. खाली आणल्यावर ती खरोखर निवडू लागली. मिठीचं चित्र मी मुद्दाम ठेवलेलं नाही. सहा वर्षांच्या मुलाला “मॅडमला नको कसं म्हणायचं” हे सुचत नाही, आणि ज्याला अंगाला हात लावलेला आवडत नाही त्यानं रोज सकाळी ते सोसावं असं मला वाटत नाही. एखाद्यानं आपणहून येऊन कमरेला मिठी मारली तर मी काही त्याला दूर करत नाही, एवढंच.

हात जोडला की तोंडातून काय येईल ते मात्र घराघरावर आहे. माझ्या वर्गात कोणी “जय भीम” म्हणतं, कोणी “राम राम”, कोणी “सलाम”. आजोळ रामटेककडचं असलेली एक मुलगी “जय सेवा” म्हणते. जे येईल तेच मी परत म्हणते. आपलं नागपूर असंच बोलतं, मग वर्गाच्या दारात सगळ्यांनी “गुड मॉर्निंग” म्हणायचं हा हट्ट कशाला?

आता मी काय बोलते ते सांगते, कारण सगळं तिथेच आहे. आधी नाव. मग भेट. मग एक छोटं वाक्य, आणि त्यानंतर आत काय करायचं ते: “तुझ्या पाटीवर आजचा वार लिही,” किंवा “चिंचोके ठेवलेत, दहा-दहाच्या रांगा कर.” एका मुलाला साधारण सहा सेकंद लागतात. एकतीस मुलं म्हणजे तीन मिनिटांच्या वर काही सेकंद. हजेरी घ्यायला मला यापेक्षा जास्त वेळ लागायचा.

आत करायचं काम आधीच मांडून ठेवणं मी अजिबात टाळत नाही. याला अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत २००७ साली लक्ष न लागणाऱ्या तीन विद्यार्थ्यांवर एक छोटा प्रयोग झाला. शिक्षकानं दारात त्यांचं नाव घेऊन एक चांगलं वाक्य बोलायचं, बस. तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत ती मुलं सरासरी ४५ टक्के वेळ कामात असायची, ती ७२ टक्क्यांवर गेली. पुढे २०१८ मध्ये दहा वर्गांतल्या २०३ मुलांवर मोठा अभ्यास छापून आला. त्यात कामात गुंतलेला वेळ २० टक्क्यांनी वाढला, म्हणजे तासाला बारा मिनिटं. पण दोन गोष्टी विसरू नका. ती मुलं अकरा ते चौदा वर्षांची होती, आपली सहा-सात वर्षांची आहेत. तेच आकडे इथे येतील असं मी म्हणणार नाही. आणि त्या मोठ्या अभ्यासात शिक्षक नुसते हसून स्वागत करत नव्हते, आत गेल्यावर काय करायचं तेही दारातच सांगत होते. मी दोन्ही करून पाहिलं आहे. गोड भेट झाली आणि आत रिकामी सतरंजी असली, तर पाचव्या मिनिटाला रडारड ठरलेली.

हजेरीसाठी आमच्याकडे पत्र्याचे दोन डबे आहेत, एकावर घराचं चित्र, दुसऱ्यावर शाळेचं. प्रत्येकाच्या नावाची एक आईस्क्रीमची काडी. मूल आपलं नाव शोधतं आणि काडी घराच्या डब्यातून शाळेच्या डब्यात टाकतं. जून संपेपर्यंत पहिलीतलं मूल काडीवरचा फुलाचा किंवा पतंगाचा ठिपका ओळखतं. ऑगस्टमध्ये मी ठिपके पुसते, तोवर अक्षरं ओळखीची झालेली असतात. घरच्या डब्यात उरलेल्या काड्या एक मूल मोजतं, “मॅडम, चार नाई आले,” आणि मी हजेरीपटात ते नंतर भरते.

गेल्या वर्षीची एक मुलगी सांगते. बेसा भागात एका इमारतीवर तिचे आईवडील कामाला होते, छत्तीसगडचं कुटुंब. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली. दारात मी नाव घेतलं, तिनं मान खाली घातली. चित्रावर बोट नाही, शब्द नाही. इथे माझी चूक झाली. मी वाकून म्हणाले, “बोल ना, नमस्ते म्हण. म्हण, म्हण.” मागची अख्खी रांग बघत होती. दुसऱ्या दिवशी ती रांगेच्या शेवटी उभी राहिली, तिसऱ्या दिवशीही. मूल रोज मागे मागे सरकतं तेव्हा दारात त्याला काहीतरी जड जातंय, हे मी त्यानंतर ओळखायला शिकले.

मग मी मागणं थांबवलं. नाव घ्यायचं, चिंचोक्यांचं सांगायचं आणि तिला जाऊ द्यायचं. काडी मात्र ती टाकायची, कारण त्याला बोलावं लागत नाही. शनिवारी फाटकात तिची आई भेटली. तेव्हा दोन गोष्टी कळल्या. दाखल्यावरचं नाव घरात कोणीच घेत नव्हतं, हाकेचं नाव वेगळंच होतं. आणि त्यांच्याकडे भेटल्यावर “जय जोहार” म्हणतात, “बने हस?” म्हणजे बरी आहेस ना, असं विचारतात. सोमवारी मी हाकेच्या नावानं बोलावलं आणि “जय जोहार” म्हटलं. तिनं झटकन वर पाहिलं. बोलली नाही. पण पुढे रांगेतली मुलंच तिला “जय जोहार” म्हणू लागली, आणि दुसऱ्या आठवड्यात तिनं हसऱ्या तोंडाच्या चित्रावर बोट ठेवलं. दिवाळीपर्यंत ती शेजारच्या मुलीशी भरभर बोलत होती. माझ्याशी “हाव” आणि “नाई” एवढंच. मला ते पुरेसं होतं.

पण एक सांगते. घरी मोकळं बोलणारं मूल शाळेत महिना-दीड महिना उलटूनही कुणाशीच, सवंगड्यांशीसुद्धा बोलत नसेल, तर ते दारातल्या भेटीच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा आईवडिलांशी बोलून समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवलं पाहिजे. लाजाळू आहे, बोलेल हळूहळू, असं म्हणून वर्ष घालवू नका.

दारात काही गोष्टी मी करत नाही. नखं, गणवेश, गृहपाठ तिथे तपासत नाही. एकदा आठवडाभर नखं बघितली, तर मुलं मुठी मिटून यायला लागली आणि टाळीच्या चित्रावर कोणी बोट ठेवेना. तसंच गप्पा दारात लांबवत नाही. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला आपला लाकडी बैल किती मोठा होता, त्याला कुठे बोजारा मिळाला हे सांगायचं असतं. पहिल्या वर्षी मी ऐकत बसले, रांग फाटकापर्यंत गेली आणि मागची मुलं भांडायला लागली. आता दारात एकच वाक्य, बाकीचं आत गोलात बसल्यावर. आणि त्या दिवशी गणित मी पुढे ढकलते.

दारात जे कळतं त्याचं पुढे काय करायचं हेही ठरलेलं हवं. कपाळ गरम लागलं, डोळे रडलेले दिसले, पोट दुखतंय म्हणालं, तर त्या मुलाला मी माझ्या टेबलाजवळ बसवते आणि रांग पूर्ण करते. रांग मोडून विचारपूस केली की सगळ्यांदेखत होते. मार्च-एप्रिलात सकाळची शाळा असते तेव्हा पोटदुखीचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, रात्रीनंतर पोटात काही गेलेलं नसतं. खिचडीला अजून वेळ असतो. म्हणून कपाटात मुरमुरे आणि फुटाण्यांचा डबा असतो. खाऊन दहा मिनिटांत दुखणं थांबलं तर भूक होती. नाही थांबलं तर घरी फोन.

राहिली उशिरा येणारी मुलं. पूर्वी दार लागलेलं असायचं, मूल बाहेरून “मे आय कम इन मॅडम” म्हणायचं, आणि मी सगळ्यांसमोर कारण विचारायची. दुसरीतला एक मुलगा एप्रिलभर उशिरा आला. मी तीन दिवस त्याला दारात उभं केलं. चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत विचारलं तेव्हा म्हणाला, “टँकर येते ना मॅडम, मले पाईप धरा लागते.” आई सहाला कामावर जाते, वस्तीत टँकर साडेसहाला लागतो, आणि शाळा सातची.

तेव्हापासून दार उघडंच असतं. तो येतो, पुठ्ठ्यावर बोट ठेवतो, मी जिथे असेन तिथून तसाच हात करते आणि शिकवणं थांबवत नाही. बहुतेक मुठीला मूठ असते, लांबूनच. मग काडी डब्यात पडते. फळ्याकडे तोंड असलं तरी पत्र्याचा तो टक्क आवाज मला ऐकू येतो.