टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला किती बिट?

डायल-अपच्या दिवसांत मोडेमच्या खोक्यावर आधी २८.८ किलोबिट लिहिलेलं असायचं, मग ३३.६ आलं आणि आकडा तिथेच अडला. तो का अडला, याचं गणित क्लॉड शॅनन यांनी १९४८ सालीच मांडलं होतं:

C = B log2(1 + S/N)

C म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट बिनचूक पोहोचवता येतील ती मर्यादा, B म्हणजे हर्ट्झमधली बँडविड्थ, आणि S/N म्हणजे सिग्नलची पॉवर नॉइजच्या किती पट आहे ते.

आता साधी टेलिफोन लाइन घेऊ. बोलण्यासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा ठेवलेला असतो, म्हणून B झाली ३१००. सिग्नल नॉइजपेक्षा ३० डेसिबलने वर आहे असं धरू. डेसिबल सूत्रात तसेच घालायचे नाहीत, विद्यार्थी हमखास इथेच चुकतात. ३० डेसिबल म्हणजे १००० पट. १००१ चा दोनच्या पायावरचा लॉग साधारण ९.९७ येतो. त्याला ३१०० ने गुणलं की सेकंदाला सुमारे ३०,९०० बिट.

मग ३३.६ कसं जमायचं? लाइन स्वच्छ असेल तर. ३५ डेसिबलला हीच मर्यादा ३६,००० च्या आसपास जाते. म्हणून मोडेम जोडणी करताना आधी लाइन तपासून बघायचा आणि खरखर जास्त असली की कमी वेगावर उतरायचा.

पॉवर वाढवून काम भागेल, असं वाटतं. करून बघा. पॉवर दुप्पट केली की लॉगमध्ये फक्त एकाची भर पडते, म्हणजे मिळाले ३१०० बिट. वेग दुप्पट हवा असेल तर ६० डेसिबल लागतील, म्हणजे हजारपट पॉवर! त्याउलट पट्टा दुप्पट करून बघू. रुंद पट्ट्यातून नॉइजही दुप्पट आत येतो, म्हणून तेवढ्याच पॉवरला S/N ५०० वर येतो. तरीही ६२०० गुणिले ८.९७, म्हणजे सुमारे ५५,६०० बिट मिळतात. पूर्ण दुप्पट नाही, पण जवळजवळ १.८ पट, आणि तेही जादा पॉवर न लावता. लॉगच्या आत काय आहे आणि बाहेर काय आहे, सगळा फरक त्यानेच पडतो.

मग ५६ किलोबिटचे मोडेम आले, तेव्हा शॅनन यांची मर्यादा मोडली का? मुळीच नाही. एक्स्चेंजमध्ये अ‍ॅनालॉग सिग्नलचे आकडे करताना प्रत्येक नमुना जवळच्या ठरलेल्या पातळीला बसवावा लागतो. त्यात जी चूक राहते, तीच या लाइनवरचा मोठा नॉइज. इंटरनेट कंपनीची बाजू थेट डिजिटल जोडली की आपल्याकडे येणाऱ्या दिशेने हे रूपांतर करावंच लागत नाही, आणि तेवढा नॉइज टळतो. उलट दिशेला, म्हणजे घरातून एक्स्चेंजकडे जाताना, रूपांतर करावंच लागतं. म्हणून १९९८ च्या V.90 मानकात डाउनलोड ५६ आणि अपलोड मात्र ३३.६ एवढाच राहिला.